खोळंबा संपल्यानंतरचा तपास

सर्व्हरचं दुखणं बहुतेक वेळा माणूस तपासायला येईपर्यंत थांबलेलं असतं. रात्री अडीच-तीनच्या सुमाराला संकेतस्थळ अर्धा तास उघडत नाही, मग आपोआप चालू होतं. सकाळी तक्रारी वाचून कुणीतरी मशीनवर शिरतं आणि `top` चालवतं. तिथे सगळं शांत. प्रोसेसर रिकामा, मेमरी भरपूर, डिस्क आळसावलेली. `top`, `free`, `iostat` ही नेहमीची हत्यारं आत्ताचं सांगतात, आणि आत्ता काहीच झालेलं नसतं. अशा वेळी “नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल” असं म्हणून विषय मिटवण्याची पद्धत आहे. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा उघडतो.

मात्र बऱ्याच लिनक्स सर्व्हरवर कुणाच्या लक्षात नसलेली एक रोजनिशी रात्रंदिवस लिहिली जात असते. ती वाचायची आज्ञा म्हणजे `sar`. ही आज्ञा मूळची जुन्या सिस्टीम फाइव्ह युनिक्सची. लिनक्सवर ती `sysstat` नावाच्या संचातून येते, आणि हा संच फ्रान्सच्या सेबास्तियन गोदार यांनी लिहिला व वर्षानुवर्षं सांभाळला आहे. त्याची यंत्रणा अगदी साधी. दर दहा मिनिटांनी `sadc` नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम जागा होतो, लिनक्सच्या गाभ्याकडचे, म्हणजे कर्नेलकडचे आकडे वाचतो, त्या दिवसाच्या फाइलच्या शेवटी जोडतो आणि पुन्हा झोपतो. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर या फाइली `/var/log/sa` मध्ये असतात, तर डेबियन आणि उबुंटूवर `/var/log/sysstat` मध्ये. नावात महिन्याची तारीख असते, म्हणजे चौदा तारखेची फाइल `sa14`. ही फाइल मजकुराची नसते. तिच्यातले आकडे माणसाला वाचता येतील अशा तक्त्यात मांडणं हेच `sar`चं काम.

एक गोष्ट आधीच पाहून घ्यावी. उबुंटू-डेबियनवर हा संच नुसता बसवला म्हणून नोंदी सुरू होतीलच असं नाही. `/etc/default/sysstat` या फाइलमध्ये `ENABLED="true"` केलेलं आहे ना, ते बघावं लागतं. घटना घडून गेल्यावर बसवलेला `sysstat` मागचं काहीही सांगू शकत नाही. हे उघड आहे, तरी दर वेळी कुणाला तरी ते सकाळी सात वाजता कळतं.

आता तक्ता वाचण्याआधीची खरी अडचण. `sar`च्या प्रत्येक ओळीवर एक वेळ छापलेली असते, आणि त्यामुळे ओळीतले सगळे आकडे त्या क्षणाचे आहेत असं वाटतं. ते तसे नसतात. त्यांच्या दोन जाती आहेत.

पहिली जात मोजणीच्या आकड्यांची. मशीन सुरू झाल्यापासून प्रोसेसर किती वेळ राबला, डिस्कवरून किती वाचलं गेलं, याचे आकडे कर्नेल सतत वाढवत नेतो, अगदी घरातल्या विजेच्या मीटरसारखे. `sadc` फक्त रीडिंग टिपून ठेवतो. `sar` या रीडिंगमधून मागचं रीडिंग वजा करतो आणि मधल्या सेकंदांनी भागतो. म्हणजे २१:२० च्या ओळीतला प्रोसेसरचा आकडा २१:१० ते २१:२० या पूर्ण दहा मिनिटांची सरासरी असतो. यातून काही सुटत नाही, पण सगळं पातळ होतं. सगळे प्रोसेसर तीस सेकंद शंभर टक्के राबले आणि उरलेली साडेनऊ मिनिटं रिकामे बसले, तर ओळीत फक्त ५ टक्के दिसतील.

दुसरी जात त्या क्षणाच्या स्थितीची. मेमरी किती मोकळी आहे, स्वॅप किती भरला आहे, किती कामं रांगेत आहेत, हे `sadc`ने ज्या सेकंदाला पाहिलं त्या सेकंदापुरतंच खरं. मधल्या दहा मिनिटांत मेमरी पूर्ण संपून पुन्हा मोकळी झाली असेल, तर या आकड्यांत त्याचा मागमूसही राहत नाही.

मागच्या घटनेचा तपास `sar`ने करताना होणारा बहुतेक गोंधळ या दोन जाती एकत्र केल्यामुळे होतो. पुढच्या प्रसंगात तो फरक कामाला येईल. हा प्रसंग आणि त्यातले आकडे नमुन्यासाठी रचलेले आहेत, पण अशा दुखण्यात जे दिसतं त्याच घाटाचे.

समजा, पुण्यातली एक छोटी कंपनी तिकीट आरक्षणाचं संकेतस्थळ चालवते. भाड्याने घेतलेला एक सर्व्हर, चार प्रोसेसर, १६ जीबी मेमरी, आणि डिस्कवरच राखून ठेवलेली ४ जीबी स्वॅपची जागा. मेमरी अपुरी पडली की कर्नेल तिच्यातली कमी वापरातली पानं या स्वॅपमध्ये नेऊन ठेवतो. मेमरीचं एक पान म्हणजे ४ केबी. तक्रार अशी, की १५ मार्चला रविवारी पहाटे पावणेतीन ते तीन-पाचपर्यंत पान उघडत नव्हतं.

पहिला घोळ घड्याळाचाच. भाड्याचे सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आणि ती भारतापेक्षा साडेपाच तास मागे असते. पहाटेचे पावणेतीन म्हणजे सर्व्हरच्या घड्याळात आदल्या दिवशीचे रात्रीचे सव्वानऊ. त्यामुळे फाइल `sa15` नाही, `sa14`. सर्व्हरची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते, हे डोक्यात न ठेवता भलत्याच दिवसाची फाइल उघडून “काहीच झालेलं नाही” असा निर्वाळा दिला जातो. माझ्या मते फसलेल्या तपासांपैकी पुष्कळ इथेच फसतात.

तर योग्य फाइल आणि योग्य वेळ धरून सुरुवात प्रोसेसरपासून:

```
LC_ALL=C sar -u -f /var/log/sa/sa14 -s 20:45:00 -e 21:55:00

            CPU  %user  %nice  %system  %iowait  %steal  %idle
21:00:01    all  11.84   0.00     3.12     0.61    0.00  84.43
21:10:01    all  12.30   0.00     3.40     0.95    0.00  83.35
21:20:01    all   9.17   0.00    14.62    48.90    0.00  27.31
21:30:01    all   6.05   0.00    17.88    58.21    0.00  17.86
21:40:01    all  10.41   0.00     6.93    21.37    0.00  61.29
21:50:01    all  12.02   0.00     3.25     0.70    0.00  84.03
```

`-f` नंतर फाइल, `-s` आणि `-e` म्हणजे कुठून कुठपर्यंत. सुरुवातीचं `LC_ALL=C` वेळ चोवीस तासांच्या घड्याळात छापून घेण्यासाठी.

घटना लगेच दिसते. पण ती काय सांगते? `%user` म्हणजे आपल्या प्रोग्रॅमनी केलेलं काम. ते वाढलेलं नाही, उलट निम्म्यावर आलं आहे. गर्दीने संकेतस्थळ कोसळलं असतं तर हा आकडा चढला असता. वाढला आहे तो `%iowait`. या रकान्याबद्दल भलते समज आहेत. तो प्रोसेसरच्या कामाचा वेळ नव्हे, रिकामपणाचा वेळ आहे. प्रोसेसर मोकळा बसलेला होता, पण डिस्ककडून उत्तर येण्याची वाट पाहणारं काहीतरी काम अडकलेलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. याच वेळी दुसरं एखादं भरपूर आकडेमोड करणारं काम चालू असतं, तर तो रिकामा वेळ त्या कामाने खाल्ला असता, `%iowait` घसरला असता, आणि डिस्क मात्र तेवढीच तुंबलेली राहिली असती. म्हणून हा आकडा मोठा असेल तर डिस्ककडे बघायचं, पण तो लहान आहे म्हणून डिस्कला निर्दोष सोडायचं नाही. `%system`, म्हणजे खुद्द कर्नेलची धावपळ, चारपटीहून जास्त झाली आहे, हेही बाजूला टिपून ठेवावं. `%steal` शून्य आहे. भाड्याच्या मशीनवर शेजारच्या भाडेकरूने प्रोसेसर पळवला असता तर तो तिथे दिसला असता.

२१:४० च्या ओळीतून आणखी एक गोष्ट काढता येते. हे सरासरीचे आकडे असल्यामुळे २१ टक्के म्हणजे मध्यम प्रतीचा त्रास असं समजायचं नाही. आधीच्या ओळीतला ५८ टक्क्यांचाच त्रास दहा मिनिटांतली साधारण पावणेचार मिनिटं चालला आणि मग एकदम थांबला, असं धरलं तर आकडा जुळतो. म्हणजे शेवट २१:३४ च्या आसपास, आपल्याकडे तीन वाजून चार मिनिटांनी. लोकांनी तीन-पाच सांगितलं होतं. एखाद्या प्रोग्रॅमने काम संपवलं की असा एकदम शेवट होतो. गर्दी ओसरताना तो सहसा उतरत उतरत होतो.

याच फाइलवर `sar -q` चालवलं की रांगा दिसतात. २१:३० च्या ओळीत `ldavg-1`, म्हणजे मिनिटाभराची भारसरासरी, ६० च्या घरात. चार प्रोसेसरच्या मशीनवर ६० हा आकडा पाहून घाम फुटतो. पण शेजारी `runq-sz` आहे २, आणि `blocked` आहे ५७. लिनक्स भार मोजताना प्रोसेसरसाठी थांबलेल्यांबरोबर डिस्कसाठी थांबलेल्यांनाही धरतो. इथे प्रोसेसरच्या दारात दोन जण आहेत आणि बाकी सगळे डिस्कच्या दारात. जास्त प्रोसेसरचं मशीन घेऊन हे दुखणं गेलं नसतं, बिल तेवढं वाढलं असतं.

मग डिस्क. `-p` लावल्यावर डिस्कचं ओळखीचं नाव दिसतं. जागेसाठी मी काही रकाने गाळले आहेत:

```
LC_ALL=C sar -d -p -f /var/log/sa/sa14 -s 20:55:00 -e 21:35:00

            DEV     tps    rkB/s    wkB/s  aqu-sz  await  %util
21:10:01    vda    42.0    310.0    890.0     0.1    1.9    4.1
21:20:01    vda  1850.0  41200.0  37800.0    52.5   28.4   97.3
21:30:01    vda  1910.0  43600.0  39900.0    59.6   31.2   99.1
```

एरवी सेकंदाला ४२ मागण्या, आता जवळजवळ एकोणीसशे. एका मागणीला दोन मिलिसेकंद लागायचे, तिथे तीस. बहुतेक जण इथेच थांबतात. `%util` ९९ दिसला की डिस्क भरडली गेली असं ठरवून मशीनच्या मालकाकडे वेगवान डिस्कची मागणी नोंदवतात. `%util`चा अर्थ इतकाच, की त्या काळात डिस्ककडे निदान एक तरी मागणी होती असा वेळ किती. एका वेळी अनेक मागण्या पेलणाऱ्या आजच्या एसएसडी डिस्कवर ९९ टक्के असूनही क्षमता शिल्लक असू शकते. इथे त्रास खरा आहे, पण तो `await` आणि `aqu-sz` मुळे पटतो, `%util` मुळे नाही.

माझं लक्ष जातं ते वाचन आणि लेखन या दोन रकान्यांकडे. ४१ हजार केबी वाचलं, ३८ हजार केबी लिहिलं. दोन्ही जवळजवळ सारखं. बॅकअप असता तर वाचन आणि लेखन हातात हात घालून वाढलं असतं हे खरं, पण बॅकअप लांबच लांब सरळ वाचतो, त्याच्या मागण्या मोठ्या असतात. इथे एकूण केबीला मागण्यांनी भागलं तर एका मागणीला सरासरी ४३ केबीच येतात. अहवालाचं काम असतं तर वाचन जास्त, लेखन कमी. जेवढं बाहेर जातं तेवढंच आत येतं, आणि तेही लहान तुकड्यांत, हा प्रकार बहुतेकदा स्वॅपचा असतो.

तपासायला एकच आज्ञा पुरते:

```
LC_ALL=C sar -W -f /var/log/sa/sa14 -s 21:05:00 -e 21:45:00
```

२१:२० च्या ओळीत `pswpin/s` ९१०० आणि `pswpout/s` ८९००. ही पानं आहेत, म्हणून चारने गुणायचं. ९१०० पानं म्हणजे ३६,४०० केबी, आणि डिस्कच्या तक्त्यात वाचन होतं ४१,२०० केबी. ८९०० पानं म्हणजे ३५,६०० केबी, आणि लेखन होतं ३७,८००. डिस्कवरची जवळपास सगळी वर्दळ स्वॅपचीच. मेमरी अपुरी पडली होती. कर्नेल एकाची पानं बाहेर टाकत होता, तोपर्यंत ज्याची टाकली त्यालाच ती लागत होती, म्हणून परत आणत होता, त्यासाठी दुसऱ्याची बाहेर काढत होता. वाढलेल्या `%system`चा खुलासाही इथे होतो. डिस्क बिचारी मधल्यामध्ये भरडली गेली.

आता मेमरी. `sar -r` मधला पाहण्यासारखा रकाना `kbavail`, म्हणजे लागलीच तर किती मेमरी देता येईल. `kbmemfree` पाहून घाबरू नये. लिनक्स मोकळी मेमरी डिस्कवरच्या फाइलींच्या प्रती ठेवायला वापरतो आणि मागितली की सोडतो, म्हणून तो आकडा निरोगी मशीनवरही लहान असू शकतो. २१:१० ला `kbavail` होतं ५.९ जीबी. २१:२० आणि २१:३० ला जेमतेम ०.२ जीबी. २१:४० ला ७.८ जीबी.

शेवटचा आकडा गमतीचा आहे. घटनेनंतर मेमरी आधीपेक्षाही जास्त मोकळी! याचं कारण `sar -S` मध्ये सापडतं. स्वॅप आधी रिकामा होता, आणि २१:४० ला त्यात १.९ जीबी माल पडलेला आहे. बाहेर टाकलेली पानं गरज पडेपर्यंत कर्नेल परत आणत नाही. रविवारी सकाळी दहा वाजतासुद्धा स्वॅप भरलेला दिसेल आणि नवखा माणूस मेमरीचा त्रास अजून चालू आहे असं समजेल. भरलेला स्वॅप ही स्थिती आहे. त्रास आहे की नाही हे `pswpin/s` या मोजणीवरून ठरतं, आणि ते आता शून्याजवळ आहे.

इथवर काय झालं ते कळलं. कुणी केलं ते `sar` सांगू शकत नाही, कारण नेहमीच्या बसवणीत तो पूर्ण मशीनचे आकडे टिपतो, एकेका प्रोग्रॅमचे नाही. ही त्याची मोठी मर्यादा. पण त्याच्याकडे मागचे दिवस आहेत. घटना शनिवारी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांच्या ठोक्याला सुरू झाली, आणि इतक्या नेमक्या वेळी माणसं येत नाहीत, वेळापत्रकावर लावलेली कामं येतात. म्हणून आधीचे शनिवार पाहायचे: `sa07`, मग फेब्रुवारीतले `sa28` आणि `sa21`.

पहिल्यांदा निराशाच होते. `sar -r` वर तिन्ही शनिवारी २१:१० आणि २१:२० या दोन्ही ओळींत पाच-साडेपाच जीबी मोकळी. म्हणजे आधी असं काहीच होत नव्हतं? असा निष्कर्ष काढण्याआधी आकड्यांच्या जाती आठवायच्या. मोकळी मेमरी हा त्या क्षणाचा आकडा आहे. एखादं काम २१:१० ला सुरू होऊन २१:१७ ला संपलं, तर `sadc` दोन्ही वेळा आला तेव्हा ते जागेवर नव्हतंच. त्याने मधे किती मेमरी खाल्ली याची साक्ष मोजणीच्या रकान्यांत शोधायला हवी.

असा एक रकाना `sar -B` मध्ये आहे, `fault/s`. नावावरून बिघाड वाटतो, पण तो बिघाड नाही. प्रोग्रॅमला मेमरी मागितल्याबरोबर खरीखुरी मिळत नाही. तो प्रत्येक पानाला पहिल्यांदा हात लावतो तेव्हा कर्नेल ते पान पुरवतो आणि ही मोजणी एकाने वाढते. म्हणजे नेहमीपेक्षा किती जास्त पानं हाताळली गेली हे इथून कळतं, मग ती नंतर परत केलेली का असेनात.

या मशीनवर इतर वेळी `fault/s` ९०० च्या आसपास असतो. २१ फेब्रुवारीला २१:२० च्या ओळीत तो २१०० आहे. जादा १२००, दहा मिनिटांची ६०० सेकंदं, दर पानाला ४ केबी. गुणाकार २८ लाख ८० हजार केबी, म्हणजे सुमारे पावणेतीन जीबी. २८ फेब्रुवारीला `fault/s` २६००, त्यातून निघतात ३.९ जीबी. ७ मार्चला ३३५०, म्हणजे ५.६ जीबी. मेमरी उपलब्ध असायची ५.९. सात मार्चच्या रात्री हे काम काठावरून गेलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

त्याला दुजोराही मिळतो. त्याच तक्त्यात `pgscank/s` नावाचा रकाना आहे. मेमरी कमी पडू लागली की काय सोडता येईल हे शोधत कर्नेलचा एक मदतनीस पानं चाळू लागतो, त्याची ही मोजणी. फेब्रुवारीच्या दोन्ही शनिवारी ती शून्य. ७ मार्चला ७६०. स्वॅपपर्यंत गोष्ट गेली नव्हती, फाइलींच्या प्रती टाकून भागलं होतं, पण झाडाझडती सुरू झाली होती. हा रकाना एरवी शून्य असणाऱ्या मशीनवर दर आठवड्याला ठरावीक वेळी हलू लागला, तर पुढच्या खोळंब्याची तारीख साधारण सांगता येते.

या गुणाकाराला जरा सांभाळून घ्यावं. काही मशीनवर कर्नेल एकदम २ एमबीचं मोठं पान देतो. तिथे मोजणी एकानेच वाढते आणि हिशेब फारच कमी निघतो. उलट, एखादा प्रोग्रॅम मेमरी परत करून पुन्हा मागत असेल तर तीच मेमरी दोनदा मोजली जाते. त्यामुळे खरा आकडा नेमका किती यापेक्षा तो आठवड्यागणिक कसा चढतो आहे, यावर भर द्यायचा. तोच हिशेब १४ मार्चच्या ओळीला मात्र लावू नये. स्वॅपमधून परत आणलेली पानंही `fault/s` मध्येच मिसळतात आणि आकडा भलताच फुगतो. त्या रात्रीची गरज वेगळ्या वाटेने काढावी लागते. हातात होते ५.९ जीबी, त्यातले उरले ०.२, आणि गर्दीच्या वेळी स्वॅपमध्ये सव्वादोन जीबीच्या आसपास पडलेले होते. बेरीज आठ जीबीच्या आसपास येते.

आता नाव शोधायला `/var/log/cron` पुरेसा आहे. शनिवारी २१:१० ला एकच काम लावलेलं होतं: आठवड्याच्या आरक्षणांचा अहवाल. नाव आठवड्याचं, पण प्रोग्रॅम उघडून पाहिला तर तो मोसमाच्या सुरुवातीपासूनची सगळी आरक्षणं एकदम मेमरीत ओढून मग त्यातला आठवडा निवडत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीची आरक्षणं सुरू झाली तसा ढीग दर शनिवारी वाढत गेला. फेब्रुवारीत सहा-सात मिनिटांत संपणारं काम १४ मार्चला चोवीस मिनिटं चाललं, कारण त्याचीच पानं बाहेर जाऊन परत येत होती. कर्नेलच्या नोंदींत, म्हणजे `journalctl -k` मध्ये, मेमरीअभावी कुणाला मारल्याची ओळ नव्हती. स्वॅपच्या चार जीबीत अजून जागा होती, म्हणून सगळे जिवंत राहिले आणि सगळेच रखडले. स्वॅप नसता तर बहुधा कुणीतरी एक मारला गेला असता आणि नोंदीत त्याचं नाव सापडलं असतं. तपास पाच मिनिटांत आटोपला असता, फक्त मारला जाणारा तो अहवालाचा प्रोग्रॅमच असता याची खात्री नाही. डेटाबेसही असू शकला असता.

काही वेळा खोळंबा इतका घट्ट असतो की `sadc`लाही वेळेवर चालता येत नाही. मग २१:२० नंतर एकदम २१:४० ची ओळ येते. ही पोकळी म्हणजे फाइल खराब झाली असं नव्हे. मशीनची अवस्था काय होती हे तीच सांगते. मधे `LINUX RESTART` अशी ओळ आली तर मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, आणि मोजणी तिथून नव्याने शून्यापासून.

अहवालाचा प्रोग्रॅम दुरुस्त करणं, आठवड्यापुरतीच आरक्षणं मागवणं, हे काम प्रोग्रॅमरचं. तोवर त्या कामाला `systemd`च्या `MemoryMax`ने मेमरीची कमाल मर्यादा घालता येते. रोजनिशीतही एक बदल करण्यासारखा आहे. दहा मिनिटांचं अंतर आजच्या मशीनना फार आहे. नव्या लिनक्सवर `systemctl edit sysstat-collect.timer` चालवून दोन मिनिटांचं अंतर असं लावता येतं:

```
[Timer]
OnCalendar=
OnCalendar=*:00/2
```

मधली रिकामी ओळ विसरू नये. ती जुनं दहा मिनिटांचं वेळापत्रक पुसते. ती नसेल तर दोन्ही वेळापत्रकं एकत्र चालतात. दोन मिनिटांच्या अंतराने सात मिनिटांचं काम तीन-चार ओळींत सापडलं असतं, मेमरीच्या रकान्यातसुद्धा. फाइली पाचपट मोठ्या होतील, पण तरीही त्या लहानच असतात. प्रोग्रॅमनिहाय इतिहास हवा असेल तर `atop` नोंदी ठेवण्यासाठी वेगळा चालू ठेवावा लागतो. `sar`कडून ती अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

आणि `sa14` ची एक प्रत त्याच सकाळी बाजूला काढावी. रेड हॅटवर साधारण २८ दिवसांचा इतिहास राहतो, डेबियनवर फक्त ७ दिवसांचा. किती दिवस ठेवायचा हे `HISTORY` या सेटिंगने ठरतं. प्रत दुसऱ्या मशीनवर नेऊन वाचायची असेल, तर तिथल्या `sysstat`ची आवृत्ती जुळत नाही म्हणून `sar` ती उघडायला नकार देऊ शकतो. फाइल जुन्या आवृत्तीची असेल तर `sadf -c` ती नव्या साच्यात बदलून देतो. नव्या आवृत्तीची फाइल जुन्या मशीनवर मात्र उघडत नाही. म्हणून मूळ फाइलबरोबर `sar -A` चा सगळा तक्ता मजकूर म्हणून काढून ठेवलेला बरा. तो कुठल्याही मशीनवर, `sysstat` नसला तरी वाचता येतो.